‘खाते नंबर दुरुस्त करा’ एवढं लिहून रिफंड सुटत नाही



गेल्या काही दिवसांत ऑफिसात एकच तक्रार तीन-चार जणांनी आणली. कुणाचा जाळ्याचा आगाऊ परत यायचा होता, कुणाची तळ्याच्या लिलावाची अनामत, कुणाचं इंजिन दुरुस्तीचं जास्त गेलेलं बिल. समोरचा म्हणतो "आम्ही पाठवले", आपली बँक म्हणते "आमच्याकडे काही आलं नाही". मग सभासद घरी बसून आपल्याच बँकेला पत्र लिहितो की साहेब, माझा खाते नंबर चुकीचा पडला आहे, कृपया दुरुस्त करावा. ते पत्र बँकेत फाईलला लागतं आणि पैसे तिथेच राहतात जिथे होते.

माझं म्हणणं असं आहे की यात पत्र लिहिणाऱ्याचा दोष कमी. पत्र चुकीच्या माणसाने, चुकीच्या बँकेला, चुकीची मागणी करून लिहिलेलं असतं, आणि ते तसं आहे हे काउंटरवर कुणी सांगत नाही. म्हणून एक प्रकरण पूर्ण सांगतो. सभासदाची परवानगी घेतली आहे. दुकानाचं आणि बँकांचं नाव मुद्दाम घेत नाही.

आमचे हे सभासद राहतात हुबळीत, पण होडी कारवारला, भावासोबत भागीत. मे महिन्यात त्यांनी किनाऱ्यावरच्या एका दुकानात नायलॉनच्या जाळ्यासाठी ३८,४०० रुपये आगाऊ भरले. जून आणि जुलै बंदीचे, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या तारखेला होडी पाण्यात उतरायच्या आत जाळं हातात हवं. जूनच्या सुरुवातीला दुकानदार म्हणाला की तो माप मिळत नाही, पैसे परत घ्या. दुसरीकडून घ्यायचं तर तेच पैसे लागणार. दुकानदाराने १० जूनला आपल्या बँकेत एन.ई.एफ.टी.चा फॉर्म भरला, सही केली, खात्यातून पैसे कापले गेल्याचा मेसेजही त्याला आला. त्याच्या दृष्टीने व्यवहार संपला.

इकडे दोन दिवस, चार दिवस, आठवडा. आमच्या सभासदाने हुबळीच्या शाखेत तीन चकरा मारल्या. शाखेचं उत्तर खरंच होतं, त्यांच्याकडे काही आलं नव्हतं. दुकानदाराचंही खरं होतं, त्याच्या खात्यातून गेले होते. दोघंही खरं बोलतात आणि पैसे मात्र कुठेच नाहीत. अशा वेळी भांडण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात लागतं. इथेही लागलंच, फोनवर नको ते शब्द गेले. बँक मात्र दोघांच्या मध्ये शांत बसून होती.

आता आत काय होतं ते समजून घ्या. एन.ई.एफ.टी.चे पैसे खाते नंबरावर जातात, नावावर नाही. रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० ला काढलेल्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे की पैसे घेणाऱ्या बँकेने फक्त खाते नंबर बघून रक्कम जमा करावी आणि नंबर बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. फॉर्मवर तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं तरी नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की नाव कामाला येत नाही.

नंबर चुकला की दोन वाटा होतात. त्या नंबरचं खातंच नसेल तर घेणारी बँक पैसे परत पाठवते. नियम असा की ज्या बॅचमध्ये पैसे आले, ती मिटल्यापासून दोन तासांच्या आत जमा तरी करायचे, नाहीतर परत तरी पाठवायचे. बॅच दर अर्ध्या तासाने, डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. म्हणजे सकाळी गेलेले पैसे दुपारच्या जेवणापर्यंत परत पाठवणाऱ्याच्या बँकेत यायला हवेत. दुसरी वाट वाईट. त्या नंबरचं खातं खरंच कुणाचं तरी असेल, तर पैसे गुपचूप त्याच्या खात्यात जमा होतात आणि कुठलीच घंटा वाजत नाही.

दुसऱ्या वाटेचं मोठं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात २०२१ मध्ये १५ लाख रुपये आले. ते खरं तर एका ग्रामपंचायतीच्या विकासकामाचे होते. त्या माणसाला वाटलं की पंतप्रधानांनी सांगितलेले पंधरा लाख आले. त्याने आभाराचं पत्रही पाठवलं आणि सुमारे नऊ लाख घर बांधण्यात घातले. काही महिन्यांनी बँकेला जाग आली आणि परत मागणी सुरू झाली. आपण सगळे तेव्हा हसलो होतो. पण ज्याचे पैसे गेले त्या ग्रामपंचायतीच्या बाजूने बघा. पैसे गेले कुठे हेच इतके महिने कळलं नाही.

तेव्हा पैसे नक्की कुठल्या वाटेने गेले, ते आपली बँक सांगू शकत नाही. ते फक्त पाठवणाऱ्याची बँक सांगू शकते, कारण तिच्याकडे यू.टी.आर. नंबर असतो. एन.ई.एफ.टी.चा यू.टी.आर. सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, सुरुवातीला साधारण बँकेची चार इंग्रजी अक्षरं. समोरचा "पाठवले" म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यू.टी.आर. द्या. स्क्रीनशॉट नको, पैसे कापल्याचा मेसेज नको, नंबर द्या. तो नसेल तर पैसे पाठवलेच नाहीत असंही निघतं कधी कधी.

आमच्या सभासदाचं प्रकरण ऑफिसात आलं तेव्हा जूनचा तिसरा आठवडा संपला होता. आम्ही दुकानदाराला फोन केला. वाद न घालता दोनच गोष्टी मागितल्या. एक यू.टी.आर., आणि दुसरी त्याने बँकेत भरलेल्या फॉर्मची प्रत, बँकेचा शिक्का असलेली पावती बाजू. ती त्याच्या गल्ल्यातच पडून होती. त्याने फोटो पाठवला. फॉर्मवर आमच्या सभासदाचा नंबर अगदी बरोबर होता, शेवटचे चार आकडे 4837. मग त्याच्या बँकेतून त्याने व्यवहाराचा छापील तपशील आणला. त्यावर शेवटचे चार आकडे 4387. आठ आणि तीन यांनी जागा बदलली होती.

सगळं प्रकरण या एका फरकावर फिरतं, म्हणून इथे थोडं थांबतो. फॉर्मवरच नंबर चुकीचा असता तर जबाबदारी पाठवणाऱ्याची, बँक फार तर मदत करते. पण फॉर्मवर बरोबर आणि कॉम्प्युटरमध्ये चुकीचा, म्हणजे चूक काउंटरवर टाईप करताना झाली. मग "नंबर बरोबर देण्याची जबाबदारी ग्राहकाची" हे वाक्य बँकेला म्हणता येत नाही. ग्राहकाने बरोबरच दिला होता. फॉर्मची प्रत हातात नसेल तर हे कधीच सिद्ध होत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, शिक्का मारलेली पावती बाजू फाडून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका आणि रिफंड पूर्ण होईपर्यंत ती फेकू नका.

आपल्या भागात अजून एक भानगड आहे, ती बाहेरच्यांना समजत नाही. आपली जुनी माणसं चिठ्ठीवर नंबर मराठी आकड्यात लिहितात. मराठी चार (४) हा इंग्रजी आठासारखा (8) दिसतो आणि मराठी एक (१) हा घाईत इंग्रजी नवासारखा (9). काउंटरवरचा माणूस कानडी नाहीतर इंग्रजी आकडे वाचणारा. त्याने काय वाचावं? असे दोन प्रसंग मला माहीत आहेत. खाते नंबर नेहमी इंग्रजी आकड्यात, एकेका चौकोनात एकेक, आणि शक्य असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्सच द्या.

तसंच जुन्या पासबुकाचं. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली आणि SYNB ने सुरू होणारे आय.एफ.एस.सी. १ जुलै २०२१ पासून बंद झाले. धारवाडचं मुख्यालय असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ ला कर्नाटक ग्रामीण बँकेत मिळाली. आपल्या कितीतरी घरांची खाती याच बँकांत. कपाटातलं पासबुक जुनंच असतं आणि त्याचीच झेरॉक्स दुकानदाराकडे जाते. पासबुक नव्याने छापून घ्या, एवढंच.

आता परत प्रकरणाकडे. 4387 या नंबरचं खातं बहुतेक अस्तित्वातच नसणार असा आमचा अंदाज होता. कारण काही बँकांच्या खाते नंबरात एक आकडा पडताळणीचा असतो, आणि शेजारचे आकडे उलटे झाले की हिशेब जुळत नाही. मग पैसे परत यायला हवे होते. पण दुकानदाराच्या खात्यात ते परत दिसत नव्हते. याचा अर्थ दोनच. एक तर ते कुणा तिसऱ्याच्या खात्यात गेले, नाहीतर दुकानदाराच्या बँकेत परत येऊन बँकेच्याच आतल्या सस्पेन्स खात्यात अडकले. परत आलेली रक्कम आपोआप ग्राहकाच्या खात्यात जुळली नाही की ती तिथे पडून राहते, आणि कुणी विचारेपर्यंत पडून राहते.

म्हणजे पत्र कुणी लिहायचं? दुकानदाराने. कुणाला? त्याच्या बँकेला. आपण त्या बँकेचे ग्राहक नाही, आपल्याशी ती बोलणारही नाही, आणि नियमाने तिने बोलूही नये. आपलं काम पत्र तयार करून देणं आणि सोबतचे कागद पुरवणं. इथे दुकानदार कुरकुरला, "मी का धावपळ करू, मी तर पाठवले." त्याला आम्ही एकच समजावलं. पैसे अजून गिऱ्हाईकाला पोचले नाहीत, म्हणजे तुमचं देणं फिटलेलं नाही. ते तुमच्याच नावाने बँकेत अडकले आहेत, आमच्या नावाने नाहीत. मग त्याला पटलं. पत्र आम्ही इंग्रजीत केलं, कारण तिकडची शाखा. त्याचा मराठीत मजकूर असा होता:

"शाखा व्यवस्थापक यांस,

विषय: दि. १० जूनच्या एन.ई.एफ.टी. व्यवहारात बँकेकडून खाते क्रमांक चुकीचा नोंदला गेल्याबाबत.

महोदय, मी आपल्या शाखेतील चालू खात्याचा धारक आहे. दि. १० जून रोजी मी रु. ३८,४०० ची एन.ई.एफ.टी. करण्यासाठी फॉर्म दिला. यू.टी.आर. क्रमांक सोबत दिला आहे. फॉर्मवर लाभार्थीचा खाते क्रमांक शेवटी 4837 असा आहे, तर आपल्या छापील तपशिलात तो 4387 असा नोंदलेला आहे. शिक्क्याची पावती, छापील तपशील आणि लाभार्थीच्या पासबुकाची प्रत जोडली आहे.

कृपया १) या यू.टी.आर.ची आजची स्थिती, म्हणजे रक्कम जमा झाली की परत आली, आणि परत आली असल्यास कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे. २) रक्कम परत आली असल्यास ती माझ्या खात्यात परत आल्याच्या तारखेपासून जमा करावी. ३) रक्कम अन्य खात्यात जमा झाली असल्यास त्या बँकेला आजच कळवून ती रोखून परत मागवावी आणि त्या पत्राची प्रत मला द्यावी. ४) उशिराच्या दिवसांचे नियमाप्रमाणे व्याज द्यावे.

जुना व्यवहार दुरुस्त करून तोच पुन्हा पाठवू नये. रक्कम माझ्या खात्यात आल्यावर मी नवीन फॉर्म देईन.

आपला, (सही, शिक्का), दि. २९ जून."

यात "खाते नंबर दुरुस्त करा" हे वाक्य कुठेच नाही, हे बघा. गेलेला व्यवहार पुसून दुसरा नंबर घालता येत नाही, वहीतल्या खाडाखोडीसारखं ते नाही. जुना व्यवहार संपवायचा, पैसे मूळ खात्यात आणायचे आणि नवा करायचा. "दुरुस्त करा" म्हटलं की साहेब म्हणतात "सिस्टीममध्ये तसं होत नाही", आणि ते खरंच बोलतात. मग माणूस परत फिरतो. स्थिती लेखी विचारली की त्यांना यू.टी.आर. घालून बघावंच लागतं.

शेवटचं वाक्यही मुद्दाम घातलं. कधी कधी शाखा घाईने दुसऱ्यांदा पाठवते आणि पहिलीही कुठेतरी जमा झालेली असते. मग एकाचे दोन होतात आणि वसुलीला आपल्याच दारात येतात.

तिसऱ्या मागणीत "आजच" लिहिलं त्यालाही कारण आहे. पैसे खरंच तिसऱ्याकडे गेले असते तर त्याच्या संमतीशिवाय त्याची बँक सहसा ते काढून देत नाही. चुकून आलेले पैसे परत करायला तो कायद्याने बांधील आहे, भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये तसंच आहे. पण त्याने खर्च करून टाकले तर कायदा हातात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून या वाटेत एकेक दिवस महाग. वाट बघत महिना घालवू नका.

व्याजाचं बरेच जण लाजून लिहीत नाहीत. लिहा. एन.ई.एफ.टी.ची रक्कम जमा करायला किंवा परत करायला उशीर झाला तर रेपो दर अधिक दोन टक्के या हिशेबाने भरपाई द्यायची असते. आमच्या प्रकरणात समजा तो साडेसात टक्के धरला तर ३८,४०० वर २२ दिवसांचे १७३ रुपये आणि काही पैसे होतात. चहा-नाश्त्याचे पैसे. पण पत्रात हा मुद्दा आला की शाखेतून ते वरच्या ऑफिसकडे जातं, कारण व्याज द्यायचा निर्णय काउंटरवरचा माणूस घेऊ शकत नाही, आणि वर गेलं की कुणीतरी फाईल उघडतं.

पत्र दोन प्रतीत दिलं आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घेतली. दुसऱ्या दिवशी शाखेने सांगितलं की रक्कम १० जूनलाच परत आली होती, "असं खातं नाही" या कारणाने, आणि सस्पेन्स खात्यात होती. बघा, परतीचा नियम दोन तासांचा आणि तो पाळलाही गेला होता. अडकली ती शेवटच्या दहा पावलांवर, स्वतःच्याच बँकेत. २ जुलैला पैसे दुकानदाराच्या खात्यात आले आणि त्याच दिवशी त्याने नव्या फॉर्मने पाठवले. या वेळी आधी एक रुपया पाठवला, आमच्या सभासदाने "आला" म्हणून फोन केला, मग बाकीचे.

माझं मत स्पष्ट सांगतो. या प्रकरणात आमच्या सभासदाने आणि दुकानदाराने मिळून सात चकरा मारल्या. बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये १० जूनच्या दुपारपासून उत्तर तयार होतं. पैसे परत आले तर एक मेसेज पाठवायला काय हरकत आहे? पैसे कापले की अर्ध्या मिनिटात मेसेज येतो, परत येऊन अडकले की तीन आठवडे मौन. ग्राहकाने नंबर चुकवला तर जबाबदारी त्याची, हे बोर्डावर लिहिलेलं असतं. बँकेने चुकवला तर काय, ते बोर्डावर नसतं. मच्छीमाराच्या घरी जून-जुलै हे असेच कोरडे महिने. त्यात ३८ हजार अडकले म्हणजे सावकाराकडे जावं लागतं आणि तो रेपो दराने देत नाही.

एक चांगली गोष्टही आहे, तीही सांगायला हवी. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ ला बँकांना सांगितलं की एन.ई.एफ.टी. आणि आर.टी.जी.एस. करण्याआधी पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचं नाव बघता आलं पाहिजे, आणि हे १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा. यासाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मोबाईलवर करणाऱ्यांना ते दिसतं. पण शाखेत फॉर्म भरणाऱ्यालाही ते मिळायला हवं, फक्त मागावं लागतं. काउंटरवर म्हणा, "साहेब, पाठवायच्या आधी नाव बघून सांगा." ज्या दिवशी सगळे हे मागायला लागतील त्या दिवशी अशी निम्मी प्रकरणं होणारच नाहीत असं मला वाटतं.

पोच घेतल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, cms.rbi.org.in वर, फुकट. वकील लागत नाही. पण बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती पोच. पतसंस्थेतल्या खात्यासाठी हा रस्ता नाही, तिथे सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं लागतं.

आणि कुणी फोन करून म्हणालं की तुमचा अडकलेला रिफंड सोडवतो, ओ.टी.पी. सांगा, ॲप टाका, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला ओ.टी.पी. लागत नाही.

वरच्या पत्राचा इंग्रजी आणि कानडी नमुना ऑफिसात आहे. येताना यू.टी.आर., शिक्क्याची पावती आणि पासबुकाचं पहिलं पान आणा. खाते नंबर इथे पेजवर लिहू नका, ऑफिसातच दाखवा. ज्यांची अनामत अजून परत आली नाही त्या दोन सभासदांनी सोमवारी सकाळी यावं, त्यांच्या पत्रांचं काम आधी घेतो.

— सेक्रेटरी